चिंगीला शनिवारी दाखवायला आणतेय, त्याआधी सगळं लिहून पाठवते

नमस्कार डॉक्टर मॅडम,

मी गावभागातून बोलतेय. आमच्या मांजराला, चिंगीला, खाज सुटलीय आणि तिचे केस जातायत. सकाळी फोनवर तुमच्या दवाखान्यात नाव नोंदवलं तेव्हा तिथल्या ताई म्हणाल्या, मांजराची माहिती आधी लिहून पाठवा, मॅडम वाचून ठेवतात. टेबलावर ठेवलं की चिंगी अंग चोरून घट्ट बसते आणि मी गडबडते, म्हणून आत्ताच नीट लिहिते. फोटो आणि एक व्हिडिओ खाली पाठवलाय.

चिंगी मादी आहे, चार वर्षांची. गावठीच आहे, पांढऱ्यावर करडे ठिपके. साधारण वर्षाची असताना तिचं ऑपरेशन केलंय, पिल्लं झालेली नाहीत. रेबीजची आणि तीन आजारांची एकत्र असते ती, अशा दोन्ही लसी जानेवारीत झाल्या. पुस्तिकेच्या पानाचा फोटो जोडलाय. तेव्हा वजन चार किलो शंभर ग्रॅम होतं. काल तिला घेऊन घरच्या काट्यावर उभी राहिले आणि माझं वजन वजा केलं, तर तीन किलो सहाशेच्या आसपास आलं. काटा साधाच आहे, पण पाठीवरून हात फिरवला तरी ती उतरल्याचं कळतं. जंताचं औषध एप्रिलमध्ये दिलं. मानेवर थेंब घालायचं पिसवांचं औषध उन्हाळ्याच्या सुरुवातीला घातलं होतं, त्यानंतर घातलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. घरात सगळ्यांचं म्हणणं आहे की नव्या खाण्यानं झालं. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. पण मोबाइलमधले फोटो तारखेनं लावून पाहिले तेव्हा क्रम वेगळा दिसला. तो तुमच्या कानावर घालणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आमच्याकडे श्रावण पाळतात, महिनाभर घरात चिकन-मासे शिजत नाहीत. एरवी चिंगीचं खाणं असं: सकाळी भाकरीचा चुरा दुधात, अगदी थोडा. दुपारी आणि रात्री बिनमिठाचं उकडलेलं चिकन आणि त्यात मूठभर भात. बुधवारी-रविवारी बाजारातून बांगडा आणला तर त्याचा तुकडा, कधी सुकट. गेल्या वर्षी श्रावणात शेजारच्या घरी तिचं चिकन शिजवून घेत होतो. यंदा ते लोक पुण्याला गेलेत, म्हणून पाकिटातलं कोरडं खाणं आणलं. अमावस्येच्या आधी तीन-चार दिवस चिकनमध्ये थोडं थोडं मिसळलं, श्रावण लागल्यापासून पूर्ण तेच. पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवलाय. त्यात चिकनची भुकटी, मका, गहू, माशाचं तेल आणि रंग आहेत. म्हणजे चिकन, गहू आणि मासा तिच्या पोटात आधीही जात होते (चपातीचा तुकडा ती मागून खाते), नवीन म्हणावं तर मका आणि रंग. दूध-भाकरी श्रावणातही चालूच आहे. आमच्या आई, म्हणजे सासूबाई, तिला जेवताना तुपाचं बोट चाटवतात, तेही सांगून ठेवते.

आता फोटोंचं. बेंदराला मातीच्या बैलांची पूजा मांडली तेव्हा चिंगी पाटाशेजारी बसली होती, तो फोटो आहे. त्यात मान, कान, शेपटी सगळीकडे केस भरलेले दिसतात. त्यानंतर आठवड्याभरानं माझ्या मुलानं, ओंकारनं, तिचा व्हिडिओ काढला. तिची गंमत म्हणून काढला होता, पण त्यात ती मागच्या पायानं मान सारखी खाजवतेय, थांबते आणि परत खाजवते. तेव्हा पाकीट घरात आलंही नव्हतं. म्हणजे खाज आधी, पाकीट नंतर, आणि केस गेलेले मला दिसले ते नागपंचमीच्या सुमारास. त्यामुळे खाण्यामुळे झालंय असं मी तुम्हाला सांगणार नाही. नव्या खाण्यानं आधीची खाज वाढली असेल तर ते तुम्हीच ठरवू शकाल.

कुठे काय झालंय ते सांगते. शेपटीच्या मुळाशी, पाठीच्या खालच्या टोकाला केस विरळ झालेत आणि तिथे हात लावला की ती लगेच वळून चाटायला लागते. पोट आणि मागच्या मांड्यांची आतली बाजू जवळजवळ उघडी पडलीय. तिथली कातडी मात्र स्वच्छ आहे, लाल नाही, आणि बोट फिरवलं की बारीक खुंट लागतात. केस मुळातून गळण्यापेक्षा तिनं चाटून तोडलेत असं मला वाटतं. मानेवर आणि हनुवटीखाली वेगळंच आहे. वरून फारसं दिसत नाही, पण केसांत बोटं घातली की मोहरीएवढ्या खपल्या हाताला लागतात. उजव्या कानामागे एक जागा तिनं नखानं ओरबाडलीय, तिथून परवा थोडं रक्त आलं. दोन्ही कानांच्या आत काळपट तपकिरी कोरडी घाण आहे, उजव्यात जास्त. ती मान झटकते. कानात मी काहीही घातलेलं नाही, कापूससुद्धा नाही.

लिखांच्या फणीनं शेपटीजवळचे केस विंचरले. पिसू एकही सापडली नाही, पण काळे बारीक कण निघाले. ते ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवले तर कडेनं तांबूस डाग पसरला. त्याचा फोटो पाठवलाय आणि तो कापूस डबीत ठेवलाय, हवा असेल तर घेऊन येते. पिसवांची विष्ठा असली तर रक्तामुळे असा डाग पडतो असं मी ऐकलंय. पिसू दिसत नाही म्हणून घरात कुणी विश्वास ठेवत नाही, पण ती इतकं चाटतेय की पिसू गिळूनही टाकत असेल.

ती बाहेर जाते का, असं तुम्ही विचारालच. पूर्वी अंगणापुरतीच जायची. यंदा नदीला पाणी वाढलं तेव्हा घाटाकडची मांजरं वर गल्लीत आली. त्यातल्या एकीनं आमच्या मागच्या लाकडांच्या खोलीत पिल्लं घातली. बेंदराच्या आसपासचीच गोष्ट. चिंगी तिथे जाऊन बसायची. त्या पिल्लांतल्या दोघांच्या कानांच्या कडा आणि नाकावर केस नाहीत, पापुद्रे आहेत. आता मी ते दार लावून घेतलंय आणि पिल्लांना दुसऱ्या बाजूनं खायला ठेवते. त्यांनाही तुम्हाला दाखवावं लागेल का? पकडणं अवघड आहे, पण तुम्ही म्हणालात तर आम्ही प्रयत्न करू.

आणि ही गोष्ट मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते. ओंकारच्या डाव्या हातावर कोपराखाली एक गोल लाल चट्टा उठलाय, कडेला जास्त लाल, मधे फिकट, खाजतो. चिंगी त्याच्या कुशीत झोपायची. आमच्या डॉक्टरांनी गजकर्ण म्हणून मलम दिलंय. सासूबाईंना मधुमेह आहे, त्यांचं वय चौऱ्याहत्तर. बुरशी मांजराकडून आली असेल का आणि घरात पसरेल का, हे मला शनिवारी तुमच्याकडून स्पष्ट ऐकायचंय. तोपर्यंत चिंगी वेगळ्या खोलीत आहे, तिची गोधडी गरम पाण्यात धुतली, तिला हात लावला की हात धुतो. तिला घराबाहेर काढायचा विषय मात्र आमच्याकडे नाही, सासूबाईंनीच तसं सांगितलंय.

पोटाचं सांगायचं तर पाकीट पूर्ण सुरू केल्यावर पहिला आठवडा शी पातळ होती, आता घट्ट आहे पण वास जास्त. उलटी आठवड्यातून एखाददुसरी, आणि त्यात केसांचा गोळा असतो. भूक चांगली आहे. पाणी पूर्वीपेक्षा जास्त पिते, ते कोरड्या खाण्यामुळे असावं. लघवीत मला फरक दिसला नाही. रात्री खाजवून उठते आणि दिवसा कॉटखाली जाऊन बसते, हे तिच्या स्वभावात नव्हतं.

काय लावलं ते: एकदा फक्त साधं खोबरेल, खपल्यांवर, तेही तिनं चाटून टाकलं. शेजाऱ्यांनी कापूर घातलेलं तेल सांगितलं होतं, ते लावू दिलं नाही. औषधांच्या दुकानात कुत्र्यांचं पिसवांचं औषध पुढे केलं होतं, त्यावर मांजरांना वापरू नये असं छापलेलं होतं, म्हणून ते परत दिलं. पोटात कुठलंही औषध दिलेलं नाही.

मागच्या पावसाळ्यातही शेपटीजवळ थोडे केस गेले होते. तेव्हा दुसरीकडे एक इंजेक्शन दिलं आणि दहा-बारा दिवसांत खाज थांबली, थंडीत केस परत आले. त्या कागदावरचं नाव मला नीट लागत नाही, फोटो पाठवलाय, तुम्हाला कळेल. ते स्टेरॉईड होतं असं तेव्हा तोंडी सांगितलं होतं. या वेळी लगेच तेच देण्याआधी खरं कारण शोधावं अशी माझी विनंती आहे. कातडी खरवडून बघणं, केसांची बुरशीसाठी तपासणी, कानातली घाण सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, जे लागेल ते करा. खर्चाचा अंदाज आधी सांगितलात तर पैसे बरोबर घेऊन येईन.

खाण्याबद्दल एक विचारते. पाकीट आत्ताच बंद करू की शनिवारपर्यंत आहे तसंच ठेवू? मी माझ्या मनानं परत बदलणार नाही, कारण मग कशानं काय झालं ते कुणालाच कळणार नाही. तुम्ही एकच मांस सहा-आठ आठवडे देऊन बघायला सांगितलंत तर तेही करू. श्रावणातसुद्धा मी मागच्या पडवीत वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या भांड्यात शिजवीन, सासूबाईंनी हो म्हटलंय. तसं ठरलं तर दूध, तूप, चपाती सगळं थांबवायचं ना? तेवढं तुम्ही त्यांना समोर सांगा, माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील. त्या बरोबर येणार आहेत.

तिला आंघोळ घातलेली नाही, कान पुसलेले नाहीत, म्हणजे तुम्हाला आहे तसं बघता येईल. सकाळी खायला घालून आणू की उपाशी, ते कळवा. शीचा नमुना आणायचा असेल तर तेही सांगा. आम्ही रिक्षानं येऊ, ती झाकणाच्या टोपलीत असेल आणि वर चादर. कुत्रा दिसला की ती फार घाबरते आणि लघवी करते, म्हणून आमचा नंबर येईपर्यंत रिक्षातच थांबू दिलंत तर बरं होईल. ताईंनी या नंबरवर हाक दिली की लगेच आत येतो. कानामागची जखम शनिवारच्या आत पिकली किंवा तिनं खाणं सोडलं तर मी वाट बघणार नाही, आधीच फोन करीन.

सुनीता (चिंगी, गावभाग)
शनिवार, सायंकाळी साडेपाचची वेळ