माहिती सुरक्षा धोरण : दस्तऐवज नियंत्रण तक्ता

(धोरणाचे पहिले पान. मुख्य कार्यालय, सातारा, आणि बँकेच्या सर्व अकरा शाखांसाठी.)

| बाब | नोंद |
|---|---|
| दस्तऐवजाचे नाव | माहिती सुरक्षा धोरण |
| दस्तऐवज क्रमांक | मासु/धोरण/०१ |
| आवृत्ती | ४.० |
| स्थिती | मंजूर |
| वर्गवारी | अंतर्गत वापरासाठी. बँकेबाहेर देण्यास लेखी परवानगी आवश्यक |
| लेखक | मुख्य माहिती सुरक्षा अधिकारी |
| तपासणी | माहिती तंत्रज्ञान समिती, १२ जून २०२५ |
| मंजुरी | संचालक मंडळ, सभा २७ जून २०२५, ठराव क्रमांक ९ |
| अंमलाची तारीख | १ ऑगस्ट २०२५ |
| रद्द झालेली आवृत्ती | ३.१ (३१ जुलै २०२५ रोजी कामकाज संपल्यापासून) |
| पुढील आढावा | ३१ जुलै २०२६ पूर्वी |
| मूळ प्रत | संचालक मंडळाच्या सचिवांकडे |

आवृत्त्यांचा इतिहास

| आवृत्ती | मंजुरी | अंमल | बदलाचे कारण |
|---|---|---|---|
| १.० | २२ मार्च २०१९ | १ एप्रिल २०१९ | नागरी सहकारी बँकांच्या सायबर सुरक्षेविषयी रिझर्व्ह बँकेचे १९ ऑक्टोबर २०१८ चे परिपत्रक |
| २.० | २६ जून २०२० | १ ऑगस्ट २०२० | रिझर्व्ह बँकेची ३१ डिसेंबर २०१९ ची चार स्तरांची चौकट |
| ३.० | १० जून २०२२ | २० जून २०२२ | सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश |
| ३.१ | १७ फेब्रुवारी २०२३ | १ मार्च २०२३ | छापील प्रतींचे नियम. पदनामे व दूरध्वनी क्रमांक यांत दुरुस्ती |
| ४.० | २७ जून २०२५ | १ ऑगस्ट २०२५ | बँकेचे संकेतस्थळ व ई-मेल `.bank.in` या नावाखाली नेणे |

२०२१ आणि २०२४ या वर्षी वार्षिक आढावा झाला, परंतु मजकुरात बदल करण्याची गरज आढळली नाही. म्हणून त्या वर्षी आवृत्ती क्रमांक बदललेला नाही. आढावा झाल्याची नोंद समितीच्या इतिवृत्तात आहे.

तक्त्यातील नोंदींचा अर्थ

आवृत्ती क्रमांकातील पहिला आकडा तेव्हाच बदलतो, जेव्हा कर्मचाऱ्याने, शाखेने किंवा सेवा पुरवठादाराने काय करायचे आहे यात फरक पडतो. असा बदल संचालक मंडळाच्या ठरावाशिवाय होत नाही. पदनाम, दूरध्वनी क्रमांक, शब्दांची दुरुस्ती किंवा प्रती सांभाळण्याची पद्धत यांपुरता बदल असेल तर दुसरा आकडा बदलतो आणि त्यास माहिती तंत्रज्ञान समितीची मंजुरी पुरते. तथापि, बदल कोणत्या प्रकारचा आहे याबद्दल शंका असल्यास तो मोठा समजून मंडळापुढे न्यावा. मसुद्यावर ‘मसुदा’ हा शब्द प्रत्येक पानावर छापलेला असतो आणि मसुद्याच्या आधारे कोणतीही कार्यवाही करता येत नाही.

लेखक आणि मंजुरी देणारे यांची नोंद व्यक्तीच्या नावाने न करता पदनामाने केली आहे, कारण बदली किंवा सेवानिवृत्ती झाली तरी जबाबदारी त्या पदावर राहते आणि शाखेतील कर्मचाऱ्याला प्रश्न विचारायचा असेल तेव्हा त्या पदावर आज कोण आहे एवढेच पाहावे लागते. सह्या मूळ प्रतीवर आहेत. ज्याने धोरण लिहिले त्यानेच ते मंजूर करू नये, हा दंडक १.० या आवृत्तीपासून पाळला जात आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या परिपत्रकाने सायबर सुरक्षा धोरणास संचालक मंडळाची मंजुरी आवश्यक केली आहे, त्यामुळे मंजुरीच्या ओळीत कोणत्याही एका अधिकाऱ्याचे पदनाम कधीही येणार नाही. अपवाद फक्त दुसऱ्या आकड्याच्या बदलांचा, आणि तेथेही मंजुरी समितीची असते.

मंजुरीची तारीख आणि अंमलाची तारीख या दोन वेगळ्या तारखा आहेत व त्यांची गल्लत करू नये. ४.० या आवृत्तीत दोहोंमध्ये पाच आठवड्यांचे अंतर मुद्दाम ठेवले आहे. रिझर्व्ह बँकेने `.bank.in` या नावाकडे जाण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली असून, त्याआधी प्रत्येक शाखेतील ई-मेल पत्ते, पासबुकांवर आणि ठेव पावत्यांवर छापलेला संकेतस्थळाचा पत्ता, तसेच ग्राहकांना जाणाऱ्या संदेशांतील दुवे बदलायचे आहेत. ही तयारी आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण जुलै महिन्यात पूर्ण करावे. ३१ जुलैपर्यंत घडलेल्या घटनेला ३.१ चे नियम लागू होतील, मग तिची चौकशी ऑगस्टमध्ये होत असली तरीही.

३.० च्या बाबतीत मात्र अंतर फक्त दहा दिवसांचे होते, आणि त्या घाईची किंमत बँकेने मोजली. सर्ट-इनच्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावी लागते आणि संगणक प्रणालींचे लॉग १८० दिवस जपावे लागतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये बँकेच्या एका शाखेत संशयास्पद लॉगिन आढळले, तेव्हा शाखाधिकाऱ्यांनी काउंटरमागे लावलेला २.० चा छापील उतारा पाहिला. त्यात ‘दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी मुख्य कार्यालयास कळवावे’ असे वाक्य होते. त्यांनी तसेच केले. त्यांचा दोष नव्हता, कारण त्या उताऱ्यावर आवृत्ती क्रमांक नव्हता, तारीख नव्हती, आणि तो रद्द झाल्याचे समजण्याचा कोणताही मार्ग त्यांच्यासमोर नव्हता. ग्राहकांच्या पैशाला धक्का लागला नाही, परंतु ६ तासांची मुदत टळली. ३.१ मधील छापील प्रतींचे नियम याच घटनेतून आले आहेत आणि ते शिथिल करण्याचा कोणताही प्रस्ताव लेखकाकडून मांडला जाणार नाही.

प्रतींविषयी

अंतर्गत पोर्टलवरील प्रत हीच चालू प्रत समजावी. प्रत्येक शाखेत एकच छापील प्रत असेल; तिच्यावर प्रत क्रमांक, शाखेचा शिक्का आणि प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्ती व अंमलाची तारीख असेल. धोरणातील एखाद्या भागाचा उतारा भिंतीवर लावायचा असल्यास त्यावरही याच दोन नोंदी असणे बंधनकारक आहे; त्या नसलेला उतारा दिसताच काढून टाकावा, त्यासाठी कोणाच्याही आदेशाची वाट पाहू नये. नवी आवृत्ती आल्यावर शाखाधिकाऱ्यांनी जुनी प्रत सात दिवसांच्या आत मुख्य कार्यालयाकडे परत पाठवावी व पोचपावती घ्यावी. इतर सर्व छापील प्रती केवळ माहितीसाठी आहेत आणि छापल्याच्या दिवसानंतर त्यांवर विसंबू नये.

रद्द झालेल्या आवृत्त्या नष्ट केल्या जात नाहीत. जुन्या घटनेच्या वेळी कोणता नियम लागू होता हे लेखापरीक्षकांना पाहता यावे, म्हणून प्रत्येक आवृत्तीची एक प्रत ‘रद्द’ असा शिक्का मारून सचिवांकडे स्वतंत्र धारिकेत ठेवलेली आहे.

धोरणाचा मूळ मजकूर मराठीत आहे आणि मंडळाने मराठी मजकुरालाच मंजुरी दिली आहे. तपासणीसाठी तयार केलेल्या इंग्रजी अनुवादावर हाच आवृत्ती क्रमांक व हीच अंमलाची तारीख असते. दोहोंत तफावत आढळल्यास मराठी मजकूर ग्राह्य धरावा आणि ती तफावत मुख्य माहिती सुरक्षा अधिकाऱ्यांना त्याच दिवशी लेखी कळवावी.