समजावणी छान, पण उदाहरणं तपासून घ्या

बी.कॉम. पहिल्या वर्षाच्या अकाउंटन्सीचं हे मराठी गाइड. भागीदारीचं प्रकरण इतकं सोपं करून लिहिलंय, की बारावी सायन्सवाल्यालाही जर्नल नोंदी कळतील. घसाऱ्याचं सोडवलेलं तिसरं उदाहरण मात्र साफ चुकलंय. यंत्र १,२०,००० रुपये, उभारणी खर्च १०,०००, मोडीची किंमत १०,०००, आयुष्य १० वर्षं. सरळ रेषा पद्धतीने वार्षिक घसारा १२,००० हवा. इथे उभारणी खर्च धरलाच नाही, म्हणून ११,००० आलाय आणि पुढचं अख्खं खातं त्याच आकड्यावर! पाठ करणाऱ्या पोरांचे मार्क हकनाक जातील. सांगलीत सूट धरून २४० रुपयांना पडतं. जुन्या प्रश्नपत्रिका नाहीत, त्या मानाने महागच. सीनियरकडून निम्म्या किमतीत मिळालं तर भागीदारीसाठी जरूर घ्या.