रबाळेपर्यंत ऐकलेला फोन

ठाण्याहून सकाळची वाशी लोकल,
समोरच्या सीटवर ती, एका कानाला फोन
दुसऱ्या कानात बोट

हॅलो... हॅलो दादा, येतोय का आवाज
सापडले
अरे सापडले म्हणते ना, बरे आहेत
रबाळेला, हो
कंपनीत
नाही रे, त्यांच्याच, म्हणजे होती ना तिथे, आता ते डेटा सेंटर का काय झालंय त्याच्या गेटवर बसलेत, वॉचमनकाकांनी फोन केला, डब्याच्या पिशवीत नंबर मिळाला त्यांना, आईने पेनाने लिहिलेला बघ बंदाच्या आतून, तोच

साडेपाचला निघाले असतील
झोपले होते मी दादा
आई असती तर वरची कडी लावून झोपली असती, माझ्या नाही आलं लक्षात
हां
नाही, तुला कुठे म्हणतेय, तू पुण्याहून काय करणार
ओरडू नको ना

*पुढील स्टेशन, दिघा गाव*

हॅलो... कट झाला का
हां बोल
अरे फर्स्ट शिफ्ट ना त्यांची, 31 वर्षं तेच केलं, पाय आपोआप वळतात
इस्त्रीचा शर्ट आहे म्हणे अंगात
चपला माझ्या

थांब, दुसरा येतोय, थांब थांब

हां काका, आलेच, ऐरोली येईल आता, मग पुढचंच
द्या ना
द्या त्यांच्याकडे

बाबा
मी बोलतेय
मी हो, बेबी

पलीकडचं मला ऐकू येत नाही,
ती नुसती मान हलवतेय
फोनवर, मान

हो बाबा
उघडतील ना गेट, साहेब यायचेत अजून
नाही, खाडा नाही लागणार, मी सांगते त्यांना
काय?
डबा?
...
हो
हो बाबा, तिनेच दिलाय
मेथीची असेल
नाही, उघडू नका आत्ता, सुट्टी झाली की खायचा ना, मी येते मग बसू दोघं
सावलीत बसा
तिथेच हां

*पुढील स्टेशन, रबाळे*

ती उठते, दाराकडे सरकते,
आवाज एकदम खाली, मी पण उठलोय, का ते माहीत नाही,
मला तुर्भेला उतरायचंय

काका, ऐका ना, तुम्हीच बोलताय ना
तिथे जवळ पोळीभाजी कुठे मिळेल
कुठलीही चालेल... नाही, मेथीचीच, मेथीची बघते मी
तुम्ही फक्त ती पिशवी हळूच तुमच्या केबिनमध्ये घ्या, चहा द्या त्यांना तोवर, बोलत ठेवा, मशीनचं काहीही विचारा, ते सांगतील
हो भरूनच आणते
नाही काका, तसं नाही
रिकामा आहे तो
हॅलो