त्या वाक्याबद्दल माफी

मागच्या गुरुवारी आमच्या विभागाच्या ऑनलाइन बैठकीत मी एका सहकाऱ्याची सगळ्यांसमोर टर उडवली. तो आपलं सादरीकरण करत होता. ‘प्राधान्यक्रम’ या शब्दाच्या पहिल्याच अक्षरावर तो अडला, तोंडातून आवाज निघेना. आणि मी माइक चालू करून म्हणाले, “नेट अडकलंय की तूच अडकलायस?”

बैठकीला एकतीस जण होते. काही हसले. त्याने तो शब्द कसाबसा पूर्ण केला, आणखी दोन वाक्यं बोलला आणि कॅमेरा बंद केला. उरलेलं सादरीकरण दुसऱ्या सहकाऱ्याने पुढे नेलं. त्यामागची सहा आठवड्यांची मेहनत मात्र त्याची होती.

मी हे बोलायला नको होतं. माझं चुकलं. मी त्याची माफी मागते.

त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्याच्याशी मी आधी बोलले आहे, प्रत्यक्ष भेटून. हे सगळ्यांसमोर लिहिलेलं तुला चालेल का, असं विचारलं तेव्हा त्याने एक दिवस विचार केला आणि नाव न घालता लिही म्हणून सांगितलं. अपमान चारचौघांत केला आणि माफी मात्र बंद खोलीत मागितली, असं मला करायचं नव्हतं. तरी तो नको म्हणाला असता, तर हे लिहिलं नसतं.

आता जे सांगणं मला सगळ्यात जड जातंय ते सांगते. तो बोलताना अडखळतो हे मला माहीत होतं. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने ते मला स्वतः सांगितलं होतं. ‘कधी कधी शब्द अडकतो, तेव्हा थोडं थांबा, मी पूर्ण करतो,’ एवढंच त्याचं मागणं होतं. मी हो म्हटलं होतं. म्हणजे त्या दिवशी शांतता पसरली तेव्हा नेट नीट चालू आहे आणि तो शब्द बाहेर काढायची धडपड करतोय, हे मला पक्कं ठाऊक होतं. पडद्यावर त्याचा चेहरा दिसत होता. ते पाहत असतानाच मी ते वाक्य बोलले.

आणि हे तेवढ्यावर थांबलं नाही. बैठक संपल्यावर अर्ध्या तासाने त्याने मला मेसेज केला, ‘ते ऐकून फार वाईट वाटलं.’ त्यावर मी लिहिलं, ‘अरे, मनावर घेऊ नकोस, गंमत केली,’ आणि पुढे हसरा चेहरा टाकला. बैठकीतलं वाक्य दोन सेकंदांत तोंडून गेलं होतं. हे उत्तर मी विचार करून टाइप केलं होतं. दुखलं म्हणून सांगायला आलेल्या माणसालाच मी तुझं दुखणं चुकीचं आहे असं सांगितलं. त्या उत्तराची माफी मला वेगळी मागायची आहे, कारण माझ्या मते ते पहिल्या वाक्याहून वाईट होतं.

त्यानंतर त्याने काहीच लिहिलं नाही. विषय मिटला असं मी धरून चालले. शुक्रवारी संध्याकाळी एका सहकारी मैत्रिणीने मला बाजूला घेऊन विचारलं, “तू त्याला काय बोललीस ते तुझ्या लक्षात आहे का?” तिने विचारलं नसतं तर मी स्वतःहून त्याच्याकडे गेले असते असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सोमवारी गेले.

त्या भेटीत तो जे बोलला त्यातला त्याच्या परवानगीने एवढाच भाग सांगते. ज्या शब्दावर अडेल असं वाटतं तो शब्द तो एरवी टाळतो, त्याच अर्थाचा दुसरा वापरतो. बोलता बोलता डोक्यात सतत ही अदलाबदल चालू असते. पण काही शब्द बदलता येत नाहीत. स्वतःचं नाव बदलता येत नाही, आणि कामातले ठरलेले शब्दही नाहीत. ‘प्राधान्यक्रम’ त्याने मुद्दाम ठेवला होता. त्या आराखड्यात तोच नेमका शब्द होता, आणि या वेळी पळवाट काढायची नाही असं त्याने ठरवलं होतं. आदल्या रात्री तो शब्द त्याने कितीतरी वेळा मोठ्याने म्हटला होता. मी बोट ठेवलं ते बरोबर तिथेच.

अडखळणं म्हणजे घाबरणं नव्हे, तयारी कमी असणंही नव्हे. शंभर प्रौढांमध्ये साधारण एकाला ते असतं, बहुतेकांना लहानपणापासून. बुद्धीशी त्याचा संबंध नाही. काय बोलायचं ते माणसाला नेमकं माहीत असतं, आवाज मात्र वाटेत अडतो. ताण आला की ते वाढतं, आणि त्या दिवशी तो ताण मी वाढवला. ‘सावकाश बोल’, ‘श्वास घे’ म्हणणं किंवा त्याचा शब्द आपणच पूर्ण करून टाकणं, हेही मी या वर्षभरात अनेकदा केलंय आणि त्याला मदत समजत आले. त्याने पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, थांबा. थांबायचं सोडून बाकी सगळं मी केलं.

जे हसले त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. हसायला कारण मी दिलं. विभागात मी वरिष्ठ आहे, बैठक मी चालवत होते, आणि मी जे बोलते त्यावरून इथे काय चालतं ते ठरतं. नव्याने आलेल्या कोणी त्या दिवशी मनात नोंद केली असेल की इथे अडखळायची सोय नाही, तर त्या प्रत्येकाची मी माफी मागते. बैठकीत असा आणखी कोणी असेल, जो आपलं अडखळणं लपवून बसला होता आणि त्या क्षणी आणखी गप्प झाला, तर त्याचीही.

एक विनंती. माझी बाजू कोणी घेऊ नका. ‘तिचा तसा हेतू नव्हता’ असं त्याला सांगायला जाऊ नका, आणि मला माफ केलंस का, असंही विचारू नका. मी स्वतः त्याला ते विचारलेलं नाही. माझ्याशी पूर्वीसारखं बोलायचं की नाही हे तो ठरवेल, हवा तेवढा वेळ घेऊन. कामापुरतंच बोलायचं त्याने ठरवलं, तर तेही मला मान्य आहे.

झालेला प्रकार मी माझ्या वरिष्ठांना लेखी कळवला आहे, त्या दोन्ही वाक्यांसकट. पुढचे काही महिने गुरुवारची बैठक मी चालवणार नाही. सादरीकरणाचा राहिलेला भाग येत्या गुरुवारी तो स्वतः करणार आहे. ती तारीख त्याने निवडली.

बैठकीचं रेकॉर्डिंग काढून टाकू का, असं मी त्याला विचारलं होतं. तो नाही म्हणाला. त्यातून फक्त माझं वाक्य आणि त्यामागचं हसू कापलं आहे. ‘प्राधान्यक्रम’च्या आधीची त्याची शांतता पूर्ण ठेवली आहे, त्यानेच तसं सांगितलं. ती अकरा सेकंदांची आहे. काल मी ती पुन्हा ऐकली, शेवटपर्यंत थांबून. त्यानंतर शब्द स्पष्ट येतो.