आमच्या पहिल्या गाडीच्या फोटोखाली टाकायच्या ओळी

मंडळी, फोटो तोच ठरला: बाबांनी किल्ली दोन्ही हातांनी धरलीय, आईच्या हातात नारळ, आजी पुढच्या सीटवर पदर सावरून बसलीय आणि चिमणी बॉनेटवरच्या हारातलं झेंडूचं फूल ओढतेय. सगळ्यांनी एकच ओळ टाकू नका, आपापल्या आवडीची घ्या. शोरूमचं नाव आणि किंमत कुठेही नको. गाडीचा नंबरही नको.

बाबांच्या स्टेटससाठी (त्यांना लांबलचक आवडत नाही)

देवाची कृपा, आई-वडिलांची पुण्याई. आज घरी चारचाकी आली.

किंवा

स्कूटरनं संसार ओढला, मुलं शिकवली. तिला नमस्कार करून नवी किल्ली हातात घेतली.

दुसरी टाकली तर स्कूटरचाही एक फोटो जोडा. ती विकायची नाहीये, हे कमेंटमध्ये सांगावं लागेल, कारण विचारणारे लगेच विचारतील.

आईसाठी

बॉनेटवरचं स्वस्तिक माझ्या हातचं आहे. कुंकू थोडं ओघळलं, पण गणपती बाप्पाला चालतं.

चाकाखाली लिंबू, काचेवर हळदी-कुंकू, डिकीत पेढे. तयारी पूर्ण. आता तुम्ही सगळे आशीर्वाद द्या.

आजीच्या नावानं (ती सांगेल, आपण टाइप करायचं)

पुढची सीट माझी. बाकीचं तुम्ही ठरवा.

इंदूरच्या नळाला नर्मदामाई येते. आता मीच तिच्याकडे जाणार, ओंकारेश्वरला, घाटातून, खिडकी उघडी ठेवून.

ही माझी सर्वांत आवडती. आजी हे खरंच बोलली होती, डिलिव्हरीच्या आदल्या रात्री, तांदूळ निवडता निवडता. बसच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत, म्हणून कितीतरी दिवस तिनं ओंकारेश्वरचं नावच काढलं नव्हतं.

फॅमिली ग्रुपवर, जरा सविस्तर

आज आमच्या घरी पहिली गाडी आली. लहानशीच आहे, पांढरी. पण हा फोटो बघताना आम्हाला आमच्यापेक्षा तुमचीच आठवण जास्त येतेय. आजीला रात्री दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा शेजारच्या काकांनी बनियनवरच गाडी काढली होती, आणि पेट्रोलचे पैसे दिले तर रागावले होते. ताईच्या लग्नात मामांची गाडी तीन दिवस आमच्याच दारात उभी होती. आत्यानं तर प्रत्येक दिवाळीला सांगितलं, 'तुमची येईपर्यंत आमची तुमचीच.' ती आली, आत्या. आता रात्री-अपरात्री कुणालाही गरज पडली तर आधी आम्हाला फोन करा. संकोच करू नका, आम्ही कधी केला नाही.

हे लांब आहे, पण एक अक्षर कापू नका. काकांना ग्रुपवर घेतलेलं नाही. त्यांना बाबांनी स्वतः पेढे घेऊन जाऊन सांगावं.

इन्स्टावर, हलकंफुलकं

पहिला मुक्काम खजराना गणपती, दुसरा पोहे-जलेबी. क्रम बाप्पालाही मान्य आहे.

एमपी ०९, नवी भरती. समोरून येणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं, ही विनंती.

२०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिलं आलेल्या शहराची गाडी आहे: डस्टबिन आधी घेतला, सीट कव्हर नंतर बघू.

पाच सीटा, सहा माणसं, आणि चिमणी म्हणते मी आजीच्या मांडीवर. (बाबा म्हणतात, नियम म्हणजे नियम. त्यामुळे दादा स्कूटरवर मागून येणार.)

राजवाड्याला फेरी मारू म्हणालो, तर पार्किंगच्या विचारानं सगळ्यांनी एकदम ठरवलं: तिथे चालतच जाऊ.

दादासाठी, कारण हप्ते तोच भरणार आहे

किल्ली बाबांच्या हातात बघायची होती. बघितली.

एवढंच पुरे. याच्याखाली इमोजी नको, हॅशटॅगही नको.

ज्यांना हॅशटॅग हवेतच त्यांच्यासाठी

#पहिलीगाडी #इंदूरकर #आजीचीसीट #बाप्पामोरया

अभिनंदन म्हणणाऱ्यांना उत्तर

मनापासून आभार! शुभेच्छा पोचल्या, पेढे पोचायचे राहिलेत. संध्याकाळी सातनंतर घरी या, एक चक्कर मारून आणतो. येताना हेल्मेट घरी ठेवलं तरी चालेल, सीट बेल्ट मात्र लावावा लागेल. मागे बसलात तरी.