‘शाईपान’ या नोंदणीकृत ट्रेडमार्कच्या उल्लंघनाबाबत कायदेशीर नोटीस

दिनांक : ३ जुलै २०२५
रजिस्टर्ड पोस्ट ए.डी. व ईमेलद्वारे

प्रति,
मालक, ‘शाईपाने’ ऑनलाइन दुकान

महोदय,

आमच्या अशिलांच्या सूचनेवरून ही नोटीस आपणांस देण्यात येते.

आमचे अशील हाताने शिवलेल्या वह्या २०१६ पासून ‘शाईपान’ या नावाने विकत असून, हे नाव आणि निबाच्या टोकातून उमललेले पान हे चिन्ह, दोन्ही वर्ग १६ मध्ये त्यांच्या नावे नोंदलेले आहेत. प्रमाणपत्रांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपण त्याच प्रकारच्या वह्या ‘शाईपाने’ या नावाने विकत असल्याचे आढळल्याने अशिलांनी १२ जून रोजी आपल्याकडून एक वही मागवली. तिच्या वेष्टनावर निब आणि पानाचेच चित्र होते. फरक एवढाच की पान उजवीकडे न झुकता डावीकडे झुकलेले आहे. तोंडी उच्चारताना दोन्ही नावांत एका मात्रेचे अंतर राहते, आणि घाईने मोबाइलवर शोधणाऱ्या ग्राहकाला तेवढे अंतर जाणवत नाही. शिलाई उसवलेल्या आपल्या दोन वह्या ग्राहकांनी बदलून मागण्यासाठी आमच्या अशिलांकडे पाठवल्या, यावरून ही दिशाभूल प्रत्यक्षात घडते आहे हे स्पष्ट होते.

‘शाई’ किंवा ‘पान’ या शब्दांवर अथवा वह्या विकण्यावर आमच्या अशिलांचा एकाधिकार नाही आणि तसा त्यांचा दावाही नाही. मात्र नोंदणीकृत चिन्हाशी साधर्म्य असलेले चिन्ह त्याच मालावर वापरून ग्राहकांत संभ्रम निर्माण करणे हे व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम २९ नुसार उल्लंघन ठरते. व्यवसाय लहान असणे किंवा नाव अजाणता निवडले जाणे, यामुळे हा वापर पुढे चालू ठेवण्याचा हक्क आपणांस मिळत नाही.

तरी ही नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांत आपण सदर नाव व चित्राचा वापर दुकान, समाजमाध्यमे, जाहिराती आणि शोधशब्द अशा सर्व ठिकाणी थांबवावा, छापील वेष्टने व लेबले आमच्या स्वाधीन करावीत, आतापर्यंत विकलेल्या वह्यांचा हिशेब द्यावा आणि असा वापर पुन्हा करणार नसल्याचे सहीनिशी लिहून द्यावे. शिल्लक वह्या लेबल व वेष्टन काढून वेगळ्या नावाने विकण्यास आमच्या अशिलांची हरकत नाही. विक्रीच्या नोंदी व संबंधित संदेश मात्र नष्ट करू नयेत.

वरील पूर्तता मुदतीत झाल्यास आमचे अशील नुकसानभरपाईची मागणी करणार नाहीत. अन्यथा कलम १३४ व १३५ नुसार सक्षम न्यायालयात दावा दाखल करून मनाई हुकूम, नुकसानभरपाई किंवा नफ्याचा हिशेब आणि खर्च मागण्यात येईल.

ही नोटीस आमच्या अशिलांचे इतर सर्व हक्क अबाधित राखून देण्यात येत आहे.

आपला,
अशिलांतर्फे अधिवक्ता

सोबत : नोंदणी प्रमाणपत्रे, खरेदीची पावती, वेष्टनांची छायाचित्रे