शाळेतली दात तपासणी, यंदा नीट करायची : आराखडा, फॉर्म, चिठ्ठीचा पाठपुरावा आणि मोजणी

सगळ्यांना नमस्कार. इंटर्न, आरोग्य सहायक ताई आणि चारही शाळांतले आपले नोडल शिक्षक, हे सगळ्यांसाठीच आहे म्हणून एकदा निवांत पूर्ण वाचा. मोठं झालंय पण तपासणीच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात उभं राहून हे समजावायला वेळ मिळत नाही.

आधी मुद्द्याचं. मुलांचे दात बघणं हे आपलं काम नाही, ज्यांना गरज आहे त्यांचा उपचार पूर्ण होणं हे काम आहे आणि तपासणी ही त्याची फक्त सुरुवात. शिबिर झालं, ब्रश वाटले, फोटो निघाला, चिठ्ठी दप्तरात गेली आणि तिथंच राहिली, असं आपण सगळ्यांनी पाहिलंय. इंग्लंडमधे 2006 साली यावर मोठा अभ्यास छापून आला, शाळेत नुसती तपासणी करून पालकांना चिठ्ठी पाठवल्याने ना मुलांची कीड कमी झाली ना दवाखान्यात जाणं वाढलं. तिथं ही गत, मग आपल्याकडे जिथं दवाखान्यात जायचं म्हणजे आईची किंवा बापाची एक दिवसाची मजुरी बुडते तिथं काय होणार सांगा. म्हणून यंदा अर्धा वेळ तपासणीला आणि अर्धा पाठपुराव्याला ठेवलाय.

कोणती मुलं : दोन मनपा शाळा, एक अनुदानित हायस्कूल आणि मोमिनपुऱ्याकडची उर्दू शाळा, मिळून पटावर 640. वर्ग पहिला, सातवा आणि नववा. पहिला यासाठी की साधारण सहाव्या वर्षी पहिली कायमची दाढ येते, ती सगळ्यात मागे शांतपणे उगवते, कोणता दुधाचा दात पडून तिच्यासाठी जागा होत नाही, त्यामुळे घरी तिला दुधाचीच दाढ समजतात आणि किडली तरी "पडणारच आहे" म्हणून सोडून देतात. सातवीत मुलं 12 वर्षांची असतात, जगभर तुलनेसाठी हेच वय धरतात. आणि नववी खर्‍यासाठी, त्यावर खाली लिहितो.

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, पहिले दोन आठवडे पट हलत राहतो, म्हणून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू करू आणि पोळ्याच्या आत संपवू. पोळा, तान्हा पोळा, मारबत, मग गणपती आणि महालक्ष्म्या, या काळात निम्मा वर्ग गायब असतो. एका मुलाला तीन मिनिटं धरली तर तासाला 20, शाळेत खरे हाती येतात तीन तास, म्हणजे एका टेबलाला 60, दोन टेबलांना 120. सहा दिवस तपासणीचे आणि प्रत्येक शाळेत एक जादा फेरी गैरहजर मुलांसाठी. ही जादा फेरी कोणी गाळायची नाही, वारंवार गैरहजर राहणारं मूल बरेचदा तेच असतं ज्याला दुखून राहिलं असतं.

संमतीपत्र एका पानाच्या आत, एका बाजूला मराठी, मागे हिंदी, उर्दू शाळेत उर्दू. मजकूर हाच ठेवा :

"आपल्या मुलाच्या/मुलीच्या दातांची तपासणी शाळेत होणार आहे. फक्त आरसा आणि टॉर्चने बघू. इंजेक्शन, दात काढणं किंवा कोणतंही औषध शाळेत दिलं जाणार नाही. उपचार लागत असेल तर बंद पाकिटात चिठ्ठी देऊ आणि तुम्हाला फोन करू. माहिती तपासणी करणारे आणि उपचार करणारे यांच्याशिवाय कोणाला दाखवणार नाही. नको असेल तर 'नको' वर खूण करा, मुलाचं काही नुकसान होणार नाही."

खाली हो/नको, सही किंवा अंगठा, आणि दोन मोबाईल नंबर. दुसरा नंबर आजी, मामा, शेजारीण कोणाचाही चालेल पण पाहिजेच, रिचार्ज संपला की पहिला नंबर बंद होतो आणि पाठपुरावा तिथंच मरतो. कागद परत आलाच नाही तर त्याला होकार समजू नका.

तपासणीचा फॉर्म एका मुलाला एकच ओळ. त्यात शाळेचा कोड, वर्ग, जनरल रजिस्टर नंबर, वय, मुलगा/मुलगी, दुखतं का, किडलेले दुधाचे दात किती, किडलेले कायमचे किती, पस किंवा सूज, हिरड्या, दातांवर फ्लोराइडचे डाग, तोंड किती उघडतं आणि शेवटी गरजेचा कोड. बस. हजेरी क्रमांक वापरू नका, तो वर्षामधे बदलतो, रजिस्टर नंबर बदलत नाही. अजून चार रकाने घालायचा मोह होतो, पण जो रकाना भरून पुढे काही निर्णय होत नाही तो काढून टाका.

टोकदार प्रोब अजिबात नको, नुकत्या आलेल्या दाढेची नरम झालेली खाच त्याने तुटते. आरसे 130 ऑटोक्लेव्ह करून पाकिटबंद न्यायचे, वापरलेले वेगळ्या डब्यात, शाळेच्या नळावर धुवून पुन्हा वापरणं बिलकुल नाही. टेबल खिडकीजवळ, वर्गाच्या मधात नाही, आणि एक शिक्षिका जवळ पाहिजे. "याचे तर सगळेच किडले" असं मोठ्यानं कोणी बोलू नये, पोरं ते वर्षभर चिडवतात.

गरजेचा कोड असा :
0 म्हणजे काही नको.
1 म्हणजे फक्त बचाव, वार्निश किंवा खाच बंद करणं किंवा सफाई.
2 म्हणजे उपचार लागतो, दात भरणं, नस, काढणं, पण आत्ता त्रास नाही.
3 म्हणजे तातडीचं, दुखणं, पस, सूज.
9 म्हणजे तपासलंच नाही.

एका मुलाला एकच कोड, सगळ्यात वरचा. नुसता पिवळा थर दिसला म्हणून 2 देऊ नका, नाहीतर अख्खी शाळा "उपचार लागणार" यादीत जाईल आणि ज्या पोरीला रात्रभर झोप नाही ती त्या गर्दीत हरवेल. फ्लोराइडचे हलके पांढरे डागही 2 नाहीत, ते वेगळ्या रकान्यात लिहा, घरी बोअरचं पाणी पितात का तेवढं विचारा. सुरुवात करायच्या आधी दोन्ही टेबलवाल्यांनी तीच 20 मुलं वेगवेगळी बघून कोड जुळवायचे, जिथं फरक पडला तिथं पुन्हा एकत्र बघायचं. नंतर रोज दहातलं एक मूल दुसऱ्या टेबलावर परत.

नववीसाठी एक वेगळं. खर्रा आपल्या नागपुरात काय आहे ते कोणाला सांगायला नको, सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घासलेला. मुलाची स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात जातात का बघा, गालाच्या आत पांढुरकेपणा, तिखट खाल्लं की आग, हे विचारा. हळू आवाजात, एकट्याला. शिक्षकांना नाव सांगायचं नाही, मुलगा एकदा बदनाम झाला की पुढच्या वर्षी कोणीच खरं बोलणार नाही. तोंड कमी उघडत असेल तर सरळ 2 आणि चिठ्ठीवर मुखरोग विभाग.

आता चिठ्ठी. "दंतवैद्यास दाखवावे" एवढंच लिहिलं तर कोणी जात नाही. भरलेली चिठ्ठी अशी दिसली पाहिजे :

"वर्ग पहिला, रजिस्टर नंबर 2317. तुमच्या मुलीच्या खाली उजवीकडच्या मागच्या दाढेला कीड आहे. ही कायमची दाढ आहे, पडून परत येणार नाही. आत्ता भरली तर वाचते. दुखत नाही म्हणून थांबू नका, कीड नसेपर्यंत गेली आणि नस मेली की दुखणं थांबतं पण पस आत वाढत राहतो. येत्या शनिवारी सकाळी 9 वाजता मेडिकल परिसरातल्या डेंटल कॉलेजला बालदंत विभागात या. ही चिठ्ठी केसपेपरच्या खिडकीवर दाखवा, आमची ताई तिथं उभी असेल."

कोणता दात, का आता, कुठं, कधी, कोण भेटेल. शनिवार यासाठी की त्या दिवशी आपली मुलं वेगळ्या रांगेत घेतील असं विभागाशी बोलणं झालंय. चिठ्ठीचा खालचा तुकडा डॉक्टर भरून फाडून ताईकडे देतील, पालकांना शाळेत परत आणून द्यायला सांगू नका, तो येत नाही.

कोड 3 ला चिठ्ठीवर सोडायचं नाही. त्याच दिवशी फोन, आणि 48 तासांत दाखवलं का परत विचारायचं. सूज डोळ्याखाली किंवा जबड्याखाली पसरली असेल, ताप असेल, गिळता येत नसेल तर शाळेतूनच पालकांना बोलावून थेट मेडिकलला, मेयो जवळ असेल तर मेयोला. शनिवारची वाट नाही बघायची.

कोड 2 चा पाठपुरावा : दुसऱ्या आठवड्यात फोन, सहाव्या आठवड्यात ज्यांचं काही झालं नाही त्यांच्याकडे वस्तीतल्या आशाताईंसोबत घरी जाणं, आणि तीन महिन्यांनी शाळेत जाऊन त्या यादीतल्या प्रत्येक मुलाचं तोंड पुन्हा उघडून बघणं. फोनवर "हो हो, नेलं होतं" ऐकून टिक करू नका. न गेल्याचं कारण लिहा, मजुरी, अंतर, भीती, दुधाचा दात, दुखणं थांबलं, तिथून परत पाठवलं. शेवटचं कारण चारपाच जणांकडून आलं तर अडचण पालकांची नाही, आपल्या व्यवस्थेची आहे आणि मला लगेच सांगायचं.

निकालाचे कोड : 1 उपचार पूर्ण, 2 अर्धवट, 3 गेले पण उपचार झाला नाही, 4 गेलेच नाहीत, 5 सापडत नाही, 6 दुधाचा दात आपोआप पडला. हा 6 वेगळाच पाहिजे, तो उपचारात मिसळला की आकडा फुगतो.

मोजणी समजायला एक कल्पित शाळा घ्या. पट 160. संमती नाही 12, जादा फेरीनंतरही गैरहजर 5, म्हणजे तपासले 143. कोड 0 चे 45, 1 चे 40, 2 चे 52, 3 चे 6. उपचार लागणारी मुलं 58, म्हणजे 143 पैकी 41 टक्के. 160 ने भागू नका, न बघितलेल्या 17 मुलांचे दात चांगले आहेत असं आपल्याला कोणी सांगितलं? ते 17 अहवालात वेगळे दिसले पाहिजेत. आणि 58 ही मुलं आहेत, किडलेले दात नाहीत. दात वेगळे मोजा, ते साहित्य किती लागेल त्यासाठी.

तीन महिन्यांनी समजा पूर्ण 21, अर्धवट 9, गेले पण झालं नाही 6, गेले नाहीत 17, सापडत नाहीत 3, दात पडला 2. पूर्ण झाले 58 पैकी 21, 36 टक्के. इथं कोणीतरी म्हणेल की दवाखान्यात पोचले 36, त्यातले 21 म्हणजे 58 टक्के, तेच लिहू. नाही लिहायचं. खाली 58 मुलंच राहतील, शेवटपर्यंत.

शीटमधे A ला शाळेचा कोड जोडून रजिस्टर नंबर, H ला गरजेचा कोड, K ला निकाल. 9 मुळे चुकीची बेरीज होऊ नये म्हणून वरची मर्यादा घातलीये :

```
=COUNTIFS(H:H,">=2",H:H,"<=3")
=COUNTIFS(H:H,">=2",H:H,"<=3",K:K,1)
=COUNTIF(A:A,A2)>1
```

पहिलं उपचार लागणारी मुलं, दुसरं पूर्ण झालेली, तिसरं खाली ओढलं की एकच मूल दोनदा भरलं असेल तिथं TRUE येतं. जादा फेरीत तपासलेल्या मुलाची जुनी 9 ची ओळ बदला, नवीन टाकू नका. शीटमधे मुलांची नावं नकोत, नाव आणि नंबरची यादी मुख्याध्यापकांच्या कपाटात आणि एक प्रत ताईंकडे.

शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथकही येतं, ते दातांची कीड बघतातच. त्यांना आधी फोन करून तारखा जुळवा आणि त्यांनी आधीच पाठवलेल्या मुलांची यादी घ्या, एकाच पोराला दोन चिठ्ठ्या गेल्या की पालक दोन्ही बाजूला ठेवून देतात.

शिक्षणाधिकाऱ्यांचं परवानगीपत्र आलं की संमतीपत्रं त्याच आठवड्यात वाटायची आहेत. उर्दू मजकूर तिथल्या शिक्षिकांना दाखवून मगच छापायला द्या, आणि शनिवारी खिडकीवर कोण उभं राहणार त्याच्या पाळ्या इंटर्ननी आपसात ठरवून मला शुक्रवारपर्यंत कळवा.